फोन कोण उचलणार?

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीत मला ‘सामान्य माणूस’ म्हणून घेतलं. हा विनोद नाही, ते अधिकृत पदच आहे. ज्याला वैद्यक कळत नाही असा एक तरी माणूस कमिटीत बसलाच पाहिजे, असा नियम आहे. बाकी डॉक्टर, एक औषधशास्त्रज्ञ, एक वकील, एक समाजशास्त्राच्या प्राध्यापिका. कमिटी सात ते पंधरा जणांची असते, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा लागतो आणि निदान पाच जण हजर नसतील तर बैठक होत नाही. माणसांवर किंवा माणसांच्या माहितीवर कुठलंही वैद्यकीय संशोधन करायचं तर आधी या मंडळींची लेखी मंजुरी घ्यावी लागते. या सगळ्याचा आधार म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं.

आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज मला दुसऱ्या वाचनात कळतात. पण एक अर्ज पहिल्याच वाचनात कळला आणि तरी त्यावर आमच्या तीन बैठका गेल्या. एका डॉक्टरबाईंना त्यांच्या रुग्णालयातल्या आयव्हीएफ विभागाचे निकाल अभ्यासायचे होते. ठरावीक तीन वर्षांत जी जोडपी पहिल्यांदा उपचाराला आली, त्यांतल्या किती जणांच्या घरी मूल आलं, एवढाच प्रश्न. औषध नवं नाही, सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही. जुन्या फाइली वाचायच्या आणि जिथे माहिती अपुरी असेल तिथे पेशंटला फोन करायचा. धोका किती, या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं, ‘काही नाही’. आढाव्याचा प्रकार म्हणून ‘सूट’ या चौकटीत खूण केली होती, म्हणजे कमिटीनं बसून चर्चाही करू नये. (या लेखातली ओळखीची चिन्हं मी पुसली आहेत आणि आकडेही बदलून उदाहरणापुरते ठेवले आहेत. ज्या विषयावर लिहितोय त्याचा नियम आधी स्वतःला लावलेला बरा.)

मी हात वर करून विचारलं, “डॉक्टर, तुम्ही फोन लावल्यावर तो उचलणार कोण?”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. फाइलवर एकच मोबाइल नंबर असतो. तो बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो. काही फाइलींवर तो सासऱ्यांचा असतो, कारण नोंदणीच्या दिवशी पैसे त्यांनी भरलेले असतात. कधी तो दिराचा असतो आणि मधल्या काळात दीर वेगळा राहायला गेलेला असतो. आपल्याकडे कितीतरी जोडपी हा उपचार घरात कुणाला न सांगता घेतात. सासूला ‘थायरॉइडसाठी जातोय’ असं सांगितलेलं असतं. दुसऱ्या बाईचं बीजांड किंवा दुसऱ्या पुरुषाचं वीर्य वापरलं असेल तर ते त्या दोघांपलीकडे जगात कुणालाच माहीत नसतं. आणि एका दुपारी कुणीतरी फोन करून विचारतं, ‘आयव्हीएफ सेंटरमधून बोलतेय, तुमच्या ट्रीटमेंटचं पुढे काय झालं?’

म्हणजे धोका होता, आणि चांगलाच होता. फक्त तो शरीराला नव्हता. ‘सूट’ची चौकट खोडली गेली. सूट मिळते ती सार्वजनिक माहितीवरच्या किंवा तितक्याच निरुपद्रवी अभ्यासाला. त्याच्या वरची पायरी जलद आढाव्याची, जी एकदोन सदस्य मिळून करतात. सगळ्यात वर पूर्ण कमिटीचा आढावा. आम्ही हा अर्ज पूर्ण बैठकीत घेतला.

पहिल्या बैठकीत वाद फोनवरच अडकला. किती जणांना फोन करणार? बाई म्हणाल्या, सगळ्यांना, ४१२ जोडप्यांना. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, यात ज्यांना मूल झालं नाही तेही आले. तीन वर्षांनी त्यांच्या जखमेवरची खपली काढायची कशासाठी? बाईंचं उत्तर शास्त्राचं होतं आणि ते चूक नव्हतं. निकाल अपुरे राहिले तर अभ्यासच खोटा ठरतो, आणि खोटा अभ्यास करण्यासाठी लोकांची माहिती वापरणं हीच मोठी अनीती. अडचण तिथे होती. पुढची वाट संख्याशास्त्राच्या माणसानं दाखवली, तीही नैतिकतेचा शब्द न काढता. तो म्हणाला, फोन नंतर करू, आधी फाइली मोजू या.

ही मोजणी इथे सविस्तर मांडतो, कारण आयव्हीएफच्या जाहिराती वाचणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल. ४१२ बायकांनी पहिल्यांदा इंजेक्शनं सुरू केली. त्यांतल्या ३८० जणींची बीजांडं काढण्यापर्यंत गाडी पोचली. बाकीच्यांचं चक्र अर्ध्यात सोडावं लागलं, कारण बीजांडं वाढली नाहीत किंवा पैसे संपले. गर्भ गर्भाशयात सोडला गेला तो ३३१ जणींच्या. त्यांतल्या १४० जणींची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. पण रक्तातलं हार्मोन वाढलं म्हणजे गर्भ टिकला असं नाही. पुढे सोनोग्राफीत गर्भ दिसला तो ११८ जणींच्या. या ११८ पैकी ७१ जणींना जिवंत बाळ झाल्याची नोंद फाइलीत होती. १६ जणींचा गर्भपात झाल्याची किंवा गर्भ नळीतच राहिल्याची नोंद होती. उरल्या ३१. त्यांचं पुढे काय झालं ते फाइलीला माहीत नाही. का, तर त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, किंवा गावाजवळच्या दवाखान्यात नाव घातलं, आणि आयव्हीएफ सेंटरला कळवायचं राहून गेलं.

आता यशाचं प्रमाण किती? भागाकार कशाने करता त्यावर ते ठरतं. १४० ला ३३१ ने भागलं तर ४२ टक्के येतात. ११८ ला ३३१ ने भागलं तर ३६ टक्क्यांच्या आसपास. आणि बाळ हातात आलेल्या ७१ जणींना उपचार सुरू केलेल्या ४१२ ने भागलं तर जेमतेम १७. एकही आकडा खोटा नाही. हॉस्पिटलच्या बाहेरच्या फलकावर कोणता लिहिला होता, ते सांगायची गरज नाही. ज्या जोडप्यानं आज पहिलं इंजेक्शन घ्यायचं की नाही हे ठरवायचंय, त्याच्या कामाचा आकडा मात्र शेवटचा. आमच्या कमिटीनं अर्जात पहिली दुरुस्ती सांगितली ती हीच. मुख्य निकाल म्हणजे जिवंत बाळ, आणि भागाकार उपचार सुरू केलेल्या सगळ्यांनी. हे अभ्यास सुरू होण्याआधी लिहून द्यायचं, म्हणजे नंतर सोयीचा भागाकार निवडता येत नाही.

याच मोजणीतून फोनचाही प्रश्न निम्म्याहून जास्त सुटला. ज्यांच्या गर्भाशयात गर्भ रुजलाच नाही त्यांचं त्या चक्रापुरतं उत्तर फाइलीत आहेच. ज्यांना बाळ झालं किंवा गर्भ गेला, त्यांचंही आहे. अडलंय फक्त ३१ जणींपाशी. ४१२ फोन लावायचे होते, ते ३१ वर आले. आधी मोजलं नसतं तर ३८१ घरांत विनाकारण घंटा वाजली असती. मला वाटतं अर्ज लिहिणाऱ्या तरुण डॉक्टरांनी यातून एवढंच घ्यावं, की हवी असलेली माहिती आणि हाताशी असलेली माहिती यांतला फरक आधी आकड्यात काढा, आणि परवानगी त्या फरकापुरती मागा.

यामुळे अर्जाचे दोन भाग पडले. पहिला भाग जुन्या फाइलींचा. त्यासाठी ४१२ जोडप्यांची संमती आता घ्यायची का? घ्यायची तर पुन्हा सगळ्यांना फोन आलेच, म्हणजे ज्या त्रासातून वाचवायचं तोच द्यायचा. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा वेळी संमतीतून सूट देण्याची सोय आहे. पण ती मागणाऱ्यानं सिद्ध करावी लागते. संमती घेणं व्यवहारात शक्य नाही, संशोधन त्या सुटीशिवाय होऊ शकत नाही, ते शास्त्रीयदृष्ट्या करण्याजोगं आहे, धोका किमान आहे आणि माहितीतून ओळख काढून टाकली आहे, असं सगळं कारणांसह लिहून द्यायचं. ‘वेळ नाही’ हे कारण चालत नाही. बाईंनी पहिल्या मसुद्यात ते लिहिलं होतं.

शिवाय बाईंचा एक भरवसाही डळमळीत निघाला. रुग्णालयाच्या उपचारांच्या संमतिपत्रात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, ‘माझी माहिती संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही’. बाईंच्या मते तेवढ्यात काम झालं होतं. बँकेत मी अशा खूप सह्या घेतल्या आहेत. कर्जाचे कागद पुढे करायचे, फुल्या मारलेल्या जागा दाखवायच्या आणि माणूस वीस ठिकाणी सही करतो. उद्या सकाळी बीजांडं काढायची असताना केलेल्या सहीला मी तितकीच किंमत देतो. उपचाराची संमती वेगळी आणि संशोधनाची वेगळी. पहिलीतला पेशंट स्वतःसाठी होकार देतो. दुसरीत त्याला स्वतःला काहीच मिळणार नसतं, आणि हे त्याला कळलेलं असावं लागतं.

वकीलसाहेबांनी दुसऱ्या बैठकीत जो मुद्दा काढला तो आम्हा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ चा. त्याचं कलम २१ क्लिनिकवर गुप्ततेचं बंधन घालतं. उपचाराची माहिती राष्ट्रीय नोंदवहीला देता येते, वैद्यकीय आणीबाणीत त्या जोडप्याच्या विनंतीवरून देता येते, किंवा कोर्टानं सांगितलं तर. बाकी कुणाला नाही. वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, “या यादीत संशोधक कुठे दिसतो का बघा.” दिसत नव्हता. अर्जात तर लिहिलं होतं, की फाइलींचे फोटो काढून ते बाहेरच्या एका संख्याशास्त्रज्ञाला ईमेलनं पाठवले जातील.

उपाय कठीण नव्हता, पण अर्जात तो पायरीपायरीनं लिहावा लागला. फाइल उघडणारी माणसं त्याच विभागाच्या नोकरीतली, म्हणजे ज्यांना ती तशीही पाहण्याचा अधिकार आहे. त्यांनी फाइलीतून ठरलेले रकाने उतरवून घ्यायचे. बाहेर जाणार तो फक्त हा तक्ता, नावगावाशिवाय. फाइल, तिचा फोटो किंवा स्कॅन यातलं काही खोलीबाहेर जाणार नाही.

मग आम्ही रकाने वाचायला घेतले. नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, गाव, तालुका, धर्म, जात, व्यवसाय, गर्भ सोडल्याची तारीख, दात्याचं बीजांड आहे की नाही, बाळाची जन्मतारीख, बाळ मुलगा की मुलगी. जात कशासाठी, असं विचारलं तर कळलं, की विभागाच्या आधीच्या एका अर्जाचा नमुना कॉपी केला होता आणि त्यात तो रकाना होता. तो गेला. मुलगा की मुलगी, हे जन्मानंतर नोंदवण्यात बेकायदा काही नाही. पण गर्भलिंगनिदानाचा इतिहास असलेल्या राज्यात, आणि मूल प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या उपचाराच्या अभ्यासात, प्रश्नाशी संबंध नसताना तो रकाना ठेवायचा कशाला? तोही गेला. जन्मतारखेऐवजी वय, तेही पाच पाच वर्षांच्या गटात. गावाऐवजी फक्त जिल्हा. तारखांऐवजी दोन घटनांमधले दिवस. अभ्यासाला तेवढं पुरतं.

तरीही एक गोम राहते, आणि ती नाव खोडल्यानं जात नाही. समजा तक्त्यात एक ओळ आली, की अमुक जिल्हा, वय ४५ च्या वर, दात्याचं बीजांड, जुळं. त्या जिल्ह्यात अशी बाई एकच असेल. जुळ्यांचं बारसं साऱ्या गावानं जेवलेलं असतं. तो तक्ता वाचणाऱ्या ओळखीच्या माणसाला तीन रकाने आधीच माहीत असतात. चौथा, म्हणजे बीजांड दुसऱ्या बाईचं होतं हा, आपण त्याला नकळत पुरवतो. म्हणून अर्जात आणखी एक कलम घातलं. ज्या खान्यात पाचपेक्षा कमी जण येतील तो खाना छापायचा नाही, शेजारच्यात मिळवायचा. आणि दाता आहे की नाही ही माहिती जिल्ह्याच्या तक्त्यात कधीच आणायची नाही. ओळख लपवणं म्हणजे नाव खोडणं, एवढाच समज असेल तर ती लपत नाही.

सांकेतिक क्रमांकाचंही तसंच झालं. बाईंनी क्रमांक ठरवला होता तो आद्याक्षरं आणि नोंदणी क्रमांक मिळून. केसपेपरवरही तोच नोंदणी क्रमांक. म्हणजे रुग्णालयातल्या कुठल्याही कारकुनाला तो पाहून फाइल काढता येणार. क्रमांक यादृच्छिक हवा, चिठ्ठ्या टाकल्यासारखा, ज्याचा नावाशी काही संबंध नाही. कुठला क्रमांक कुठल्या फाइलीचा, ही जोडयादी वेगळ्या वहीत, नोंदी विभागाच्या प्रमुखांच्या कुलपात. संशोधकाकडे तक्ता, दुसऱ्याकडे यादी. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक आमची. एकट्याची किल्ली कुणाच्याच कामाची नाही. हे मी सांगितलं तेव्हा एवढ्या डॉक्टरांमध्ये मलाही काहीतरी येतं, असं पहिल्यांदा वाटलं.

जोडयादीचं काम संपल्यावर ती नष्ट करायची. आणि याचा परिणाम माहितीपत्रकात आधीच लिहायचा. माघार घ्यायची असेल तर यादी आहे तोपर्यंतच घेता येईल. नंतर तुमची ओळ कोणती, हे आम्हालाही सांगता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट माणसाविषयी निर्णय घेतला जात नसेल आणि ठरवून दिलेले निकष पाळले असतील तरच. कायद्यानं सवलत दिली म्हणून एक्सेलची फाइल पेनड्राइव्हवर घरी न्यायची मोकळीक मिळत नाही.

यावरून एक जुनी हकिकत आठवते. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी कलकत्त्याला १९७८ च्या ऑक्टोबरात जन्मली, डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून ती मुलगी जगापुढे आली ती ‘दुर्गा’ या नावानं. सरकारनं नेमलेल्या समितीनं डॉक्टरांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत, परळच्या केईएममध्ये, हर्षा चावडाचा जन्म झाला. डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि डॉक्टर टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम, आणि त्याची नोंद पक्की होती. पुढे आनंद कुमारांनीच मुखोपाध्यायांचे कागद वाचून, पहिला मान त्यांचा असं जाहीर केलं. ‘दुर्गा’नं मोठी झाल्यावर स्वतःचं खरं नाव स्वतः सांगितलं. ते सांगायचं की नाही, हा हक्क तिचाच होता.

अर्जाचा दुसरा भाग त्या ३१ जणींचा. इथे संमतीला सूट नाही, कारण आपण त्यांना नवी माहिती विचारणार. पण सही घ्यायची कशी? माहेरी, परगावी असलेल्या बाईला संमतिपत्र पोस्टानं पाठवलं तर ते पाकीट घरात कोण फोडेल, हा पहिलाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर फोन मुलांच्या आणि पुतण्यांच्या हातात असतो. तोंडी संमती घेता येते, कमिटीनं मान्यता दिली असेल आणि त्रयस्थ साक्षीदार हजर असेल तर. तिचं रेकॉर्डिंग करायचीही पद्धत आहे. पण आवाज हीसुद्धा ओळखच. नाव खोडलेल्या अभ्यासात बाईचा आवाज जपून ठेवणं आम्हाला पटलं नाही. समुपदेशक फोनवर बोलेल, शेजारी साक्षीदार परिचारिका स्पीकरवर ऐकत असेल, ती ऐकतेय हे त्या बाईला आधी सांगितलं जाईल, आणि साक्षीदार तारखेसह सही करील, असं ठरलं.

फोन उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी करायचा नाही, यावर मी अडून बसलो. बाईंना ते लागलं. त्या म्हणाल्या, माझ्या पेशंटचा माझ्यावर विश्वास आहे. म्हणूनच. कितीतरी जोडप्यांचे गर्भ अजून त्याच रुग्णालयाच्या टाकीत गोठवून ठेवलेले असतात. उद्या पुन्हा त्याच डॉक्टरांच्या दारात जायचंय. अशी बाई डॉक्टरांना ‘नाही’ कशी म्हणेल?

मग फोनवर बोलायची वाक्यंच आम्ही अर्जाला जोडायला लावली. मोबाइलवरून फोन केला तर समोरच्या पडद्यावर ट्रूकॉलर ‘फर्टिलिटी सेंटर’ असं नाव दाखवतं, हे प्राध्यापिकाबाईंच्या लक्षात आलं. म्हणून फोन रुग्णालयाच्या मुख्य लँडलाइनवरून करायचा. नंबर त्या बाईचा स्वतःचा असेल तर सरळ तिच्याशी बोलायचं. नवऱ्याचा असेल तर त्याला काही न विचारता तिच्याशी बोलता येईल का, एवढंच विचारायचं. सासऱ्यांचा किंवा दिराचा असेल तर फोनच करायचा नाही, तक्त्यात ‘संपर्क नाही’ लिहायचं. दुसऱ्या कुणी उचलला तर, ‘हॉस्पिटलमधून बोलतेय, मॅडमशी काम होतं, पुन्हा करते.’ खोटं बोलायचं नाही आणि खरंही सगळं सांगायचं नाही. निरोप ठेवायचा नाही. वेगवेगळ्या वेळी तीन प्रयत्न, मग थांबायचं.

ती बाई बोलायला आली की पहिला प्रश्न, ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ मूळ मसुद्यातला पहिला प्रश्न होता, ‘बाळ कसं आहे?’ विचारणारीच्या मनात प्रेमच होतं. पण ३१ जणींमध्ये ज्यांचं बाळ राहिलं नाही अशाही असणार, आणि त्या कोण ते आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच तर फोन करतोय. म्हणून प्रश्न असा झाला, ‘त्या वेळच्या गरोदरपणाचं पुढे काय झालं, ते सांगावंसं वाटत असेल तर सांगाल का?’ बाळाचं नाव विचारायचं नाही, जन्मतारीख विचारायची नाही. किती आठवड्यांचं आणि वजन किती, एवढंच. बाळाच्या वाढीविषयीची सात प्रश्नांची यादी होती, ती काढली. तो वेगळा अभ्यास आहे, त्याला आईबापांची वेगळी संमती लागेल. आणि बोलताना बाईला रडू आलं तर अर्ज बाजूला ठेवून बोलणाऱ्या समुपदेशकानं तिच्याबरोबर थांबायचं, हेही लिहून घेतलं.

मराठी माहितीपत्रकाबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे माझा खरा उपयोग होता. शीर्षक होतं, ‘वंध्यत्वग्रस्त स्त्रीरुग्णांच्या प्रजननविषयक फलनिष्पत्तीचा पूर्वलक्षी अभ्यास’. हे मी मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. नवं शीर्षक झालं, ‘आयव्हीएफ उपचार घेतलेल्यांपैकी किती जणांना मूल झालं, याची पाहणी’. ‘वंध्यत्व’ हा शब्द सगळीकडून काढला. निम्म्या जोडप्यांत दोष बाईत असतोच असं नाही, आणि असला तरी तो शब्द कपाळावर मारायची गरज नाही.

एक चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. भाषांतर बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसऱ्या माणसाकडून ते उलटं इंग्रजीत करून घेतात. तसं केल्यावर एक वाक्य मुळाशी जुळेना. मराठीत छापलं होतं, ‘आपण माघार घेतल्यास आपल्या पुढील उपचारांवर परिणाम होईल.’ मूळ वाक्य उलट होतं. टाइप करताना ‘नाही’ गळलं होतं. तो मसुदा चार डॉक्टरांनी वाचून सह्या केल्या होत्या. आता ते वाक्य असं आहे, ‘तुम्ही नाही म्हणालात किंवा मध्येच थांबलात तरी इथे तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील.’ ‘१०० टक्के गुप्ततेची हमी’ हेही खोडलं, कारण तपासणीसाठी कमिटीला कागद पाहता येतात. कोण कोण पाहू शकतं ते सांगितलं आणि बाकी कुणी पाहणार नाही असं लिहिलं. फायदा या मथळ्याखाली एकच ओळ आहे, ‘तुम्हाला स्वतःला यातून काही मिळणार नाही.’

तिसऱ्या बैठकीत मंजुरी मिळाली, एका वर्षाची. प्रगतीचा अहवाल द्यायचा, ठरल्यापेक्षा काही वेगळं घडलं तर कळवायचं. कळवावं लागलंच. एका परिचारिकेनं सोयीसाठी तीन नंबर स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेतले होते. बाईंनी स्वतःहून पत्र दिलं, नंबर पुसले, काम दोन आठवडे थांबवलं. अर्ज नीट लिहिला गेला होता याची माझ्या लेखी हीच खूण. चूक झाल्यावर ती चूक आहे, हे सगळ्यांना लगेच कळलं.

३१ पैकी नऊ फाइलींवर फोन करण्याजोगा नंबरच नव्हता. उरलेल्या २२ पैकी १५ जणींशी बोलणं झालं, १३ जणींनी सांगितलं. ११ जणींकडे बाळ होतं, दोघींकडे नव्हतं. त्या दोघींपैकी एक समुपदेशकाशी चाळीस मिनिटं बोलली. १८ जणींचं काय झालं ते कळलं नाही, आणि ते तसंच लिहिलं. म्हणजे उपचार सुरू केलेल्या ४१२ पैकी निदान ८२ जणींना मूल झालं, जास्तीत जास्त १०० जणींना. टक्क्यांत, २० ते २४. फलकावर अजून ४२ आहेत.

तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरचं कुणी असे उपचार घेत असाल तर दोन गोष्टी करा. संशोधनासाठी म्हणून कुणाचा फोन आला तर कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक आणि सदस्य सचिवांचा फोन विचारा. तो माहितीपत्रकावर असावाच लागतो, आणि तो विचारल्यावर चिडणाऱ्याला काही सांगू नका. दुसरी गोष्ट आजच करण्यासारखी आहे. तुमच्या केसपेपरवर नंबर कोणाचा लिहिलाय, तो एकदा बघून घ्या.